गोष्ट आधी की सूर आधी?

या विकांताला रत्नागिरीला घरी आलो होतो. बाहेर पाऊस धो धो, म्हणून गावातल्या एका मैफलीला जाऊन बसलो. गाणं छानच झालं. पण प्रत्येक रागाआधी निवेदकसाहेब उभे राहात आणि आता आपण काय 'बघणार' आहोत ते सांगत. इथे ढग जमतील, इथे वीज चमकेल, इथे विरहिणी दारात येईल... झालं! पुढची वीस मिनिटं मी मल्हार ऐकलाच नाही. विरहिणी कधी येते याची वाट बघत बसलो.

घरी येऊन चिडचिड केली तर आई म्हणाली, "अरे, लोकांना कळायला नको का?" हेच ते वाक्य. याच वाक्यावरून एकोणिसाव्या शतकात युरोपातले समीक्षक एकमेकांच्या उरावर बसले होते. तर मंडळी, आज थोडं त्याबद्दल.

वर्ष १८५४. वायमार गावात फ्रान्झ लिस्ट नावाचा संगीतकार आपल्या वाद्यवृंदाच्या रचनांना 'सिंफनिक पोएम' म्हणजे स्वरकाव्य म्हणू लागला. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, पण रचनेला एक कथा किंवा कविता जोडलेली, आणि ती श्रोत्याच्या हातात छापून द्यायची. श्रोत्याने भलताच अर्थ लावू नये म्हणून हा कागद, असं लिस्टचं म्हणणं. आईचंच वाक्य, जर्मनमधून :)

त्याच वर्षी एडुआर्ड हान्सलिक या कायदा शिकलेल्या समीक्षकाचं संगीतातल्या सौंदर्यावरचं छोटं पुस्तक आलं. तो म्हणाला, संगीताचा आशय म्हणजे नादांच्या हलत्या आकृती, बस्स. पुरावा म्हणून त्याने ग्लुकच्या ऑर्फियसच्या ऑपेरातलं एक प्रसिद्ध गाणं घेतलं. नायकाची बायको कायमची हरवली आहे आणि तो शोक करतो आहे. हान्सलिक म्हणतो, 'हरवली' च्या जागी 'सापडली' घाला, चाल तितकीच शोभेल. चाल ऐकून पहा, माणूस खोटं बोलत नाही.

आपल्याला तर हे पटायला ऑपेराही नको. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) घ्या. गोविंदराव टेंब्यांनी आणि भास्करबुवा बखल्यांनी हिंदुस्थानी चिजांवरून चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर मराठी शब्द बसवले. चिजेमध्ये एरवी सासू-नणंदेची कुरकुर असते, पण तसल्याच चालीवर इथे रुक्मिणी कृष्णावर प्रेम करते, आणि प्रेक्षागृहात कुणालाही खटकत नाही. हान्सलिकचा प्रयोग आपण शंभर वर्षांपूर्वी तिकीट लावून केलाय!

आता लिस्टचीच एक रचना उघडून बघू. नाव 'ले प्रेल्यूद', साधारण पंधरा मिनिटांची, पहिला प्रयोग वायमारला फेब्रुवारी १८५४ मध्ये. सोबतच्या छापील प्रस्तावनेचा मथितार्थ असा की आयुष्य म्हणजे मृत्यूआधीची प्रस्तावनांची मालिका: प्रेम, वादळ, खेड्यातली शांतता, मग पुन्हा लढाई. नाव लामार्तीन या फ्रेंच कवीच्या कवितेचं. बसल्या बसल्या वाटतं, काय कवितेत शिरलाय माणूस!

पण खरी गंमत अशी की यातलं बरंचसं संगीत कवितेसाठी लिहिलेलंच नव्हतं. लिस्टने त्याआधी जोसेफ ओत्रान या दुसऱ्याच कवीच्या चार काव्यांवर समूहगीतं केली होती: पृथ्वी, वारे, लाटा आणि तारे. हे संगीत त्या गीतांच्या नांदीचं. गीतं बाजूला पडली, नांदी उरली, तिच्यावर नवी पाटी लागली. म्हणजे ज्या कागदाने श्रोत्याला चुकीच्या अर्थापासून वाचवायचं, तो कागद संगीताच्या नंतर आलेला!

आणि तिसरी पाटी तर भयानक. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, आणि त्यानंतर याच रचनेच्या शेवटातली तुतारी नाझी रेडिओवर पूर्व आघाडीच्या विजयवार्तांआधी वाजू लागली. लिस्ट जाऊन तेव्हा ५५ वर्षं झाली होती. सूर तेच. वारे आणि तारे, मृत्यूची प्रस्तावना, रणगाडे. एका रचनेवर तीन गोष्टी.

मग हान्सलिक जिंकला? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण थांबा.

त्या रचनेला एकत्र धरून ठेवणारी चीज आहे तीन सुरांची. पेटी असेल तर वाजवा: सा, मग खाली मंद्र सप्तकातला शुद्ध नी, मग वर शुद्ध ग. एवढंच. हाच तुकडा सुरुवातीला प्रश्नासारखा येतो, मग संथ आणि गोड होतो, वादळात पिळला जातो आणि शेवटी कूच करत येतो. आता या क्रमावर वरच्या तिन्ही गोष्टी बसतात. कारण तिघींतही काहीतरी उठतं, खळबळतं आणि शेवटी जोरात जिंकतं. पण याच शेवटावर अंगाईची गोष्ट बसवून दाखवा. जमणार नाही.

हान्सलिकने स्वतःच हे मान्य केलंय, फक्त त्याचे चेले ते विसरतात. संगीत प्रेम दाखवू शकत नाही, पण प्रेमाची हालचाल दाखवू शकतं: वाढणं, ओसरणं, घाई, थबकणं. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनला नाव काहीही द्या, कंपायलरला फरक पडत नाही. पण आत काय पाठवता येईल याला मर्यादा असते. गोष्ट सुरांत नसते. कोणती गोष्ट चालेल याची मर्यादा मात्र सुरांत असते. दोन्ही पक्षांनी निम्मं निम्मं सत्य धरून पन्नास वर्षं भांडण केलं.

म्हणून माझं भांडण गोष्टीशी नाही, तिच्या वेळेशी आहे. आधी सांगितलेली गोष्ट कानाला कामाला लावते: वीज शोध, विरहिणी शोध. मग तो तीन सुरांचा तुकडा परत आला हे लक्षातच येत नाही, कारण तो गोष्टीत नसतो. ओळखायची खूण सोपी आहे. मैफलीनंतर तुम्हाला चित्र आठवतंय पण एकही स्वरवाक्य गुणगुणता येत नाही, तर तुम्ही निवेदन ऐकलंत, गाणं नाही.

बर्लिओझचंच बघा. १८३० च्या आपल्या 'सिंफनी फँटास्टिक'साठी त्याने अख्खी प्रेमकथा छापून वाटली होती. तोच १८५५ मध्ये म्हणाला की सिंफनी एकटी वाजवणार असाल तर कागद वाटायची गरज नाही, पाच भागांची नावं पुरेत. गोष्टवाल्यांचा मूळपुरुष असं म्हणतो, मग आमच्या निवेदकांना पाच शब्द का पुरू नयेत?

तेव्हा निवेदकसाहेब, एवढंच करा. राग सांगा, ताल सांगा. वाटलंच तर, "गंधारावरचं आंदोलन आणि दोन निषाद ऐका," असं म्हणा. मग गप्प बसा. ढग आणि विरहिणी नंतर सांगा, चहाच्या वेळी. तेव्हा मी भांडायलाही येईन, की मला तर दारात कोणी दिसलंच नाही.

असो. 'ले प्रेल्यूद' नेटवर सहज मिळेल. आधी ऐका. ही वरची बडबड वाचून झालीय म्हणजे तुमचं नुकसान मी केलंच आहे, पण घरातल्या कुणाला तरी काहीही न सांगता ऐकवा आणि काय दिसलं ते विचारा. मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "भरती आली आणि होडी बंदरात लागली." ओत्रानच्या गीतांत लाटा होत्या हे तिला मी सांगितलं नव्हतं. आणि तरीही मी म्हणेन, ते रत्नागिरीचं बंदर होतं, लिस्टचं नव्हे.