विखुरलेल्या कामांचा धागा

‘काय काम केलंत?’ असं विचारलं की आपण ‘काही नाही, मिळेल ते’ म्हणून मोकळ्या होतो. समजा, चिखली तालुक्यातली एक बाई आहे. तिने कापूस वेचला, रोजगार हमीवर माती वाहिली, शाळेत खिचडी शिजवली, बचत गटाची सचिव झाली. आता शिलाई मशीन घ्यावं, की गटांच्या वह्या लिहायचं काम धरावं, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे.

तिने सारी कामं वर्षवार लिहावीत, बाळंतपणात घरी काढलेली वर्षंसुद्धा. मग प्रत्येकापुढे लिहावं, इथे बाया माझ्याकडे कशासाठी येत? वेचणीत किलोंची बेरीज करून घ्यायला, हमीवर मस्टरमधली हजेरी ताडून पाहायला, शाळेत उरलेले तांदूळ मोजायला, गटात हप्ते मांडायला. धागा हिशेबाचा निघाला. शिलाई त्यात कुठेच नाही.

धागा ओढून आणलेला नाही ना, हेही तपासायला हवं. प्रत्येक ठिकाणचा एक तरी प्रसंग सांगता यावा, आणि सोबतच्या बाईने ‘हो, असंच झालं’ म्हणावं.

मात्र धागा वाट दाखवतो, पोट भरत नाही. वही लिहिण्याचे पैसे किती आणि कोण देणार, हे हो म्हणण्याआधीच विचारावं.