‘सर, गाइड करा’ला उत्तर का येत नाही?

‘आदरणीय सर, मला तुमच्यासारखं व्हायचंय. प्लीज गाइड करा.’ आपल्यापैकी अनेकांनी हा मेसेज कधी ना कधी पाठवलाय. मीही पाठवलाय, आणि उत्तर आलं नाही म्हणून ‘मोठी माणसं अशीच’ असं म्हणून मोकळाही झालोय. आता वाटतं, चूक माझीच होती.

मी साखरखेर्ड्याचा. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचं ठरवलं. भूजलावर आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा ई-मेल मला त्यांच्याच शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर सापडला. तो तिथे बहुतेक वेळा छापलेला असतो, ओळखपाळख लागत नाही. मी दोन पानी मेल लिहिला. त्यात माझी परिस्थिती, स्वप्नं, गावातली पाण्याची अडचण सगळं होतं आणि शेवटी ‘मार्गदर्शन करावे’. महिनाभर वाट पाहिली. काहीच नाही.

समोरच्याच्या जागी बसून तो मेल वाचा. त्या माणसाने नेमकं करायचं काय? आधी माझा प्रश्न शोधायचा, मग उत्तर द्यायचं आणि वर माझी जबाबदारीही घ्यायची. एवढं काम दिसलं की माणूस ‘सावकाश बघू’ म्हणतो आणि मेल खाली सरकत जातो.

दरम्यान प्रोजेक्टमध्ये खरीच अडचण आली. विहिरीवर पट्टी बुडवून पाहिलं की पीएच सातच्या आसपास दिसायचा. तेच पाणी बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मीटरवर मोजलं की आठच्या जवळ. मीटर बफरने तपासून घेतला, तरी तेच. तेव्हा मी त्याच सरांना दुसरा मेल लिहिला, तो एवढाच:

‘सर, मी बीएस्सीचा विद्यार्थी. विहिरीच्या पाण्याचा पीएच जागेवर सुमारे 7 आणि बाटलीत रात्रभर ठेवल्यावर सुमारे 8 येतो. मीटर 7 आणि 10 च्या बफरने तपासला आहे. पाणी बाटलीत बदलतंय की माझी पट्टी चुकतेय? एका ओळीत सांगितलंत तरी चालेल.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याचा सार असा: जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर आलं की तो निघून जातो आणि पीएच चढतो. म्हणून मीटर विहिरीवरच न्यायचा. ते जमत नसेल तर बाटली काठोकाठ भरून हवा न ठेवता झाकण लावायचं आणि लवकर मोजायचं.

माणूस तोच, विद्यार्थीही तोच. फक्त मागणी दोन मिनिटांत संपणारी होती, आणि मी आधी काय करून पाहिलंय ते त्यात दिसत होतं.

जयंत नारळीकर सरांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, सहीसकट उत्तर पाठवीन. पोस्टकार्डावर जागाच कमी, त्यामुळे मुलाला नेमकं काय विचारायचंय ते आधी ठरवावं लागे. पहिला मेल लिहिताना मी तेच माप धरतो: पोस्टकार्डावर मावेल तेवढंच.

यातही चुका होतात. ‘पीएच म्हणजे काय’ असं विचारलंत तर पुस्तक उघडलं नाही हे लगेच कळतं. ‘फक्त पाच मिनिटं फोनवर बोलू का?’ ही मागणी छोटी वाटते, पण समोरच्याला वेळ ठरवावी लागते आणि फोन पाच मिनिटांत संपत नाही हे त्यालाही माहीत असतं. चाळीस पानांचा रिपोर्ट जोडून ‘एक नजर टाका’ म्हणणं तर सरळ दिवसभराचं काम. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. तरीही शांतता असेल तर दुसऱ्या माणसाकडे जावं. नेमका प्रश्न विचारला की उत्तर येतंच, असं नाही.

उत्तर आल्यावर बरेच जण ‘थँक यू सर’ म्हणून थांबतात. मी मीटर उसना घेऊन विहिरीवर गेलो आणि पंधरवड्याने कळवलं: ‘सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जागेवर मोजलं. काठोकाठ भरलेल्या बाटलीतला फरकही बराच कमी झाला.’ या मेलमध्ये मी काहीच मागितलं नव्हतं. तरी उत्तर आलं, आणि त्यात पहिल्यांदाच सरांनी मला प्रश्न विचारला: ‘पावसाळ्यात याच विहिरी पुन्हा मोजणार का?’

‘मेंटॉर’ हा शब्द आमच्यात आजवर कुणी उच्चारला नाही. पावसाळ्यातले आकडे मात्र मी त्यांना पाठवले.