केस तिचे, चूक फोनची

मुरबाडच्या एका निकाहात भाचीचा फोटो पोर्ट्रेट मोडमध्ये काढला. दुपट्ट्याबाहेर आलेल्या तिच्या कुरळ्या बटा कात्रीने कापाव्यात तशा गायब, आणि कानाशेजारी मागच्या खिडकीच्या गजांचा तुकडा मात्र लख्ख. चाची लगेच म्हणाल्या, "पोरी, केस नीट बांधायचे होतेस." कोणी म्हणालं, हात हलला. शहापूरला परतेपर्यंत मी सगळ्यांशी वाद घालत होतो. फोनला कुणी एका शब्दानं बोललं नाही!

मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स मागचं दृश्य खरोखर धूसर करते. फोनची इवलीशी लेन्स तसं फारसं करू शकत नाही. म्हणून फोन आधी सगळा फोटो स्पष्ट काढतो, कोणता ठिपका किती लांब आहे याचा अंदाज बांधतो आणि लांबच्या ठिपक्यांवर मागाहून धूसरपणा फासतो.

हा अंदाज आपल्या दोन डोळ्यांसारखा बांधला जातो. एक डोळा मिटून बोट पाहा, मग दुसरा मिटून पाहा. जवळचं बोट जास्त सरकतं. समजा, फोनचे दोन कॅमेरे 1 सेंटिमीटर अंतरावर आहेत. दीड मीटरवरचा चेहरा दोन फोटोंत साधारण 20 ठिपके सरकेल, सहा मीटरवरची भिंत फक्त 5. पण 2017 च्या पिक्सेल 2 सारख्या फोनमध्ये मागे एकच कॅमेरा होता आणि दोन 'नजरां'तलं अंतर 1 मिलिमीटरहूनही कमी. तिथं हे सरकणं एक-दोन ठिपक्यांवर येतं. त्यातून कोऱ्या चुन्याच्या भिंतीवर जुळवायला खूण नसते, आणि खिडकीचे गज सगळे सारखेच, त्यामुळे फोन एका गजाची जोडी दुसऱ्याच गजाशी लावतो. अंतर चुकतं आणि भलताच भाग धूसर होतो.

केसांचं दुखणं याहून मुळातलं आहे. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. दीड मीटरवरून तो एका ठिपक्याचा जेमतेम सातवा भाग व्यापतो. उरलेल्या ठिपक्यात मागची भिंत असते. म्हणजे एकाच ठिपक्याला दोन अंतरं, आणि फोनच्या नकाशात जागा एकाच अंतराची. 'मागचं' ठरवलं तर बट पुसली जाते, 'पुढचं' ठरवलं तर केसाभोवती भिंतीची स्पष्ट कड राहते. नमाजाच्या जाळीच्या टोपीचंही हेच होतं, झालरीच्या दुपट्ट्याचंही.

"महागडा फोन घ्या," हे उत्तर मला अर्धंच पटतं. नवे फोन माणसाचा आकार ओळखायला शिकलेत, केसांची कड बरी राखतात. पण तिथेही अंदाजच आहे. जाहिरातीत मात्र मॉडेलचे केस नेहमी चापूनचोपून बसवलेले, मागे लांबवर मोकळं मैदान. उडत्या बटांची मुलगी खिडकीसमोर उभी करून दाखवा ना!

बऱ्याच फोनांत धूसरपणा नंतर कमी करता येतो. भाचीच्या फोटोत तो शून्यावर नेऊन चाचींना दाखवला. बटा जिथल्या तिथे होत्या.