‘प्लीज अटेंड’ म्हणजे कोणी?



पूर्वी हुकूम कागदावर येत असे. आज तो व्हॉट्सअॅपच्या गटावर, तोडक्या इंग्रजीत येतो. नमुन्यादाखल एकच घेऊ. रायपूरला समता कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहणारा एखादा सिग्नल मेंटेनर सकाळी ड्युटीवर हजर होतो आणि फोनवर वाचतो : ‘पॉइंट १०१ फेल. प्लीज अटेंड. अर्जंट. कन्फर्म.’ गटात साठ माणसे. नाव कोणाचेच नाही.

मराठीत ‘कोणी’ हे सांगितल्याशिवाय असे वाक्य अर्धवट वाटते. इंग्रजीतले ‘अटेंड’ मात्र कर्त्यावाचून खुशाल चालते, आणि घोळ इथेच आहे. पॉइंट बसत नसेल तर कामे तीन असतात. खडी अडकली असेल तर ती काढणे, हे रुळांकडच्या माणसाचे. मोटर आणि डिटेक्शन तपासणे मेंटेनरचे. आणि तोवर गाडी काढायची असेल तर क्रँक हँडलने पॉइंट हाताने फिरवून क्लॅम्प व कुलूप लावणे, हे स्टेशन मास्तरांच्या हुकमाने पॉइंट्समनचे. ‘अटेंड’ या एका शब्दात तिन्ही मावतात. मग कीमन खडी काढतो आणि गटावर ‘डन’ लिहितो. त्याचे काम खरेच झालेले असते. पण वाचणारा समजतो, पॉइंट दुरुस्त झाला.

अशा वेळी ‘ओके सर’ लिहू नये, अंगठाही दाखवू नये. त्यातून निरोप पाहिला एवढेच कळते. आम्ही सांगतो, आपण काय समजलो ते आपल्या भाषेत, हुद्द्यासह लिहा : ‘मी ड्युटीवरचा मेंटेनर. १०१ कडे निघालो, सव्वादहापर्यंत पोहोचेन. मोटर व डिटेक्शन पाहीन. क्लॅम्प-कुलूप मी लावणार नाही, ते कोण लावणार हे मास्तरांनी सांगावे. डिस्कनेक्शनच्या कागदावर मास्तरांची सही मिळेपर्यंत यंत्राला हात लावणार नाही.’ यातले ‘मी करणार नाही’ हे वाक्य कित्येकांना उद्धट वाटते. आम्हाला तेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण उरलेले काम कोणाचे हा प्रश्न त्यानेच उघडा पडतो.

उत्तर आले नाही तर सरळ फोन करावा. तोही लागला नाही, तर ज्या अर्थाने काहीच हलत नाही तो अर्थ धरावा : पॉइंट नादुरुस्तच आहे, गाडी थांबलेली आहे. उशिराचा जाब देता येतो.

रेल्वेला ही अडचण नवी नाही. प्रायव्हेट नंबर त्यासाठीच आहे. निरोप ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो आणि आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा देतो. एकदा दिलेला आकडा खोडला जातो. त्यामुळे कोणी, केव्हा, काय ऐकले हे दोन्ही टोकांच्या वहीत राहते. व्हॉट्सअॅपच्या दोन निळ्या खुणांना ते काम जमत नाही.

आणि संदिग्धपणा छापील कागदावरही जीव घेतो. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालात रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. दहा माणसे गेली, त्यात मालगाडीचा लोको पायलटही होता. स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बंद होते आणि गाड्यांना टी/ए ९१२ हा परवाना दिला जात होता. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की परवाना चुकीचा होता, वेग किती ठेवायचा ते त्यावर नव्हते, आणि वेगवेगळ्या लोको पायलटांनी वेगवेगळा अर्थ लावून गाड्या हाकल्या होत्या. पहिल्याच दिवशी बोट मात्र मेलेल्या लोको पायलटकडे दाखवले गेले होते.

टपाल खात्यातल्या बंधूंना हे परके वाटणार नाही. ‘पेंडन्सी क्लिअर टुडे’ असा निरोप येतो. राहिलेली पत्रे, पार्सले आज वाटायची, की संगणकावरची नोंद आज मिटवायची? पोस्टमनने वाटायची, की असिस्टंटने नोंद करायची? दुसरा अर्थ धरला की न गेलेल्या घरावर ‘दार बंद’ असा शेरा पडतो. उद्या ग्राहक तक्रार घेऊन आला की सही कोणाची, एवढेच पाहिले जाते. तेव्हा लगेच विचारावे : ‘वाटप करायचे की नोंद? आज किती नग, कोणत्या बीटचे?’

आणखी एक. गटावरचा निरोप पाठवणारा तो पुसू शकतो, २०२३ पासून पंधरा मिनिटांत शब्दही बदलू शकतो. म्हणून निरोपाचे मूळ शब्द, वेळ आणि आपले उत्तर आपल्या डायरीत त्याच वेळी शाईने उतरवावे, आणि मास्तरांकडे लेखी फेल्युअर मेमो मागावा, काम सुरू झाल्यावर नव्हे, आधी.