‘रद्द’ आणि ‘तहकूब’

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातील एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या भ्रमणध्वनीवर पहाटे सहाच्या सुमारास दोन ओळींचा निरोप आला: ‘घरात दुःखद घटना घडल्यामुळे दिनांक २२ चा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी.’ नोंद घेतली गेली. व्यवस्थापकाने तारखांच्या वहीत २२ च्या घरावर आडवी रेघ ओढली, आणि ऐन वैशाखातील मुहूर्त असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी ती तारीख दुसऱ्या पक्षाला दिली. पाचव्या दिवशी वराचे मामा कार्यालयाच्या दारात उभे राहिले. निधन झाले होते ते वराच्या चुलत्यांचे, ६ तारखेला. दहा दिवसांचे सुतक १५ ला फिटत होते, तेरावा १८ ला उरकत होता, आणि वधूपक्षाचा आग्रह असा की, वाजंत्री नको, वरात नको, पाहुणे पाचशेंऐवजी पन्नास असोत, परंतु मुहूर्त चुकवू नये. कुटुंबाने पहाटेच्या निरोपात रद्द केला होता तो समारंभ. विवाह रद्द करण्याचे त्यांच्या मनातही नव्हते.

हे प्रकरण आमच्याकडे दोन्ही बाजूंनी आले, आणि दोन्ही बाजूंचे ऐकून घेतल्यावर आमचे मत असे झाले की, शोकाकुल घरातून आलेल्या निरोपातील ‘रद्द’ हा शब्द आपल्या व्यवसायात शब्दशः घेता येत नाही. ज्या माणसाने तो लिहिला, तो त्या क्षणी अंत्यविधीची तजवीज करीत असतो. पंचांग, गुरुजी आणि घरातील वडीलधारी मंडळी यांचा विचार त्यानंतर, बहुधा तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर होतो. म्हणून निरोप येताच तारखेवर रेघ न ओढता त्यापुढे ‘तहकूब’ एवढेच लिहावे आणि चौथ्या दिवसापर्यंत ती तारीख राखून ठेवावी. मधल्या काळात दुसरा पक्ष त्याच तारखेसाठी आला, तर त्याला अमुक दिवशी उत्तर देतो असे स्पष्ट सांगावे. आणि समारंभ दोन-तीन दिवसांवरच आला असेल, तर घरातील नव्हे, नात्यातील माणसाकडून त्याच संध्याकाळी खुलासा करून घ्यावा.

खुलासा कशाचा, हे ठाऊक असल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. पहिला प्रश्न नात्याचा. सपिंडाचे सुतक दहा दिवसांचे, दूरच्या नात्यात ते तीन दिवसांवर किंवा केवळ स्नानावर येते; वधूवरांच्या माता-पित्यांचे निधन असेल, तर मात्र हिशेब दिवसांचा राहत नाही, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांतून असे कार्य वर्षाच्या आत उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, अशी समजूत पाळली जाते. दुसरा प्रश्न देवकाचा, आणि तो आपल्यापैकी फार थोडे जण विचारतात. मूळ पैठणच्या घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘निर्णयसिंधु’त आणि पुढील धर्मनिबंधांतही हा निर्णय आहे की, नांदीश्राद्ध झाले म्हणजे विवाहाचा प्रारंभ झाला, आणि प्रारंभ झालेल्या कार्याला सुतकाची बाधा नाही, विवाहापूर्वी दहा दिवसांपर्यंत हे नांदीश्राद्ध करण्याची मुभाही आहे. अर्थात देवक बसल्यानंतर मृत्यू घडला, तर विधी बहुधा ठरल्या वेळीच होतो आणि केवळ भोजनावळ आखडते. हे झाले एका परंपरेचे. मुसलमान, बौद्ध, लिंगायत कुटुंबांचे नियम निराळे आहेत. तेथे आपण अनुमान न करता त्यांच्या घरच्या माणसालाच विचारावे.

आता पैशाचा भाग. या प्रकरणात कार्यालयाचे भाडे ९०,००० रुपये ठरले होते आणि ३०,००० इसार घेतला होता. आचाऱ्याने ५०,००० आगाऊ घेतले होते. आचाऱ्याने आपला हिशेब एका कागदावर मांडला: वाढप्यांच्या टोळीला दिलेली उचल ८,०००, जी परत येणार नव्हती; किराणा २१,००० चा भरला होता, परंतु डाळ, तांदूळ, तेल आणि साखर पुढील आठवड्याच्या कार्यात खपणारच, म्हणून तो खर्च धरला नाही; भाजी आणि दूध यांची मागणी अजून गेलीच नव्हती. त्याने ४२,००० परत केले. या एका कागदामुळे त्या घराशी त्याचा संबंध टिकला. कार्यालयाने मात्र पावतीवरील छापील ओळीकडे बोट दाखवले: ‘इसार कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’

या ओळीवर आपल्यातील पुष्कळांचा भरवसा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कुटुंबातील मृत्यूमुळे करार आपोआप निरर्थक ठरतो, असे कायदा सर्वसाधारणपणे मानत नाही, कारण कार्यालय तर सेवा देण्यास सिद्धच असते. तेव्हा संपूर्ण रक्कम मागण्याचा हक्क त्या कुटुंबाला केवळ शोकामुळे मिळत नाही. परंतु १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारभंगासाठी आधी रक्कम ठरवून ठेवलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेचंद प्रकरणात आगाऊ भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही हे कलम लावले, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात, जेथे नुकसानच झाले नाही तेथे इसार जप्त करता येत नाही, असे म्हटले. प्रस्तुत कार्यालयाने तीच तारीख त्याच भाड्याने दुसऱ्या पक्षाला दिली होती. नुकसान शून्य, मग ३०,००० ठेवून घेण्यास आधार कोणता? तारीख रिकामी राहिली असती, वीज, सफाई आणि रखवालदार यांचा बांधलेला खर्च अंगावर पडला असता, तर तेवढा कापण्यास आमची मुळीच हरकत नव्हती.

परतावा देताना वस्तू व सेवा कराची बाजू विसरू नये. आगाऊ रकमेवर कर भरून पावती-व्हाउचर दिले असेल आणि बीजक निघाले नसेल, तर परतीच्या रकमेचे रिफंड व्हाउचर द्यावे, म्हणजे भरलेला कर विवरणपत्रात वळता करता येतो. कापून ठेवलेल्या रकमेवर मात्र कर लागतो. तारीख नुसती पुढे ढकलली असेल, तर जुनीच पावती चालू ठेवून तिच्यावर नवी तारीख लिहून सही घ्यावी. पुढे ढकलण्याची मुदतही तेथेच लिहावी. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणून ‘सवडीने केव्हाही’ असे आश्वासन दिले की ते तुळशीविवाहानंतरच्या हंगामात नव्या भाड्याच्या वादाला जन्म देते. चालू हंगामात तेच भाडे, पुढील हंगामात त्या वेळचे भाडे आणि इसार पूर्ण वळता, असा पायंडा आम्हाला न्याय्य वाटतो.

आणि कुटुंबाने पाठवावयाच्या सूचनेचा मसुदा आपणच इसारपावतीच्या मागे छापून ठेवावा, कारण त्या पहाटे शब्द सुचत नाहीत: ‘आमचे (नाते) यांचे दिनांक … रोजी निधन झाले. त्यामुळे दिनांक … चा (साखरपुडा / हळद / विवाह / स्वागत समारंभ) तूर्त तहकूब ठेवला आहे. देवक बसले आहे / बसलेले नाही. अंतिम निर्णय दिनांक … पर्यंत कळवू. व्यवहाराविषयी फक्त … यांच्याशी बोलावे.’ शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची आहे. त्या रिकाम्या जागेत मामाचे किंवा आत्याच्या यजमानांचे नाव इसार घेतानाच लिहून घ्यावे. वरील प्रकरणात ते नाव नव्हते, आणि व्यवस्थापकाने खुलाशासाठी केलेला एकमेव फोन वराच्या वडिलांनी स्मशानातून उचलला होता.