सगळं एकदमच का पडतं?

लवळ्यातल्या एका कुटुंबाचा पैसा समजा तीन ठिकाणी आहे: विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या, शरियतनुसार चालणारा फंड आणि थोडं सोनं. एक पडलं तर दुसरं सावरेल, हा हिशोब. पण मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली, भाडं थांबलं. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के कोसळला. शरियत फंडात व्याजी बँका नसतात, तरी त्यातले आयटी, औषध कंपन्यांचे शेअरही पडले. कारण रोकड हवी असलेला माणूस जे विकलं जाईल ते विकतो. जागतिक बाजारात सोनंही काही दिवस उतरलं, मग सावरलं. पैसा वाटून ठेवावाच. पण काही महिन्यांचा घरखर्च रोख असेल, तरच पडत्या भावात विकायची वेळ येत नाही.