बांबूचा बनियन

नोएडात तयार कपडे शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि बाजारात हल्ली ‘बांबूचा बनियन’ही मिळतो. त्याच्या लेबलवर हिरवे पान असते. माझ्या मते ते पान गिऱ्हाइकाला कामाचे काहीच सांगत नाही. लाकूड असो वा बांबू, त्याचा लगदा म्हणजे सेल्युलोज. ते पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळवल्याशिवाय बारीक छिद्रांतून त्याचा धागा काढता येत नाही. म्हणून ते कशात विरघळवले, हे विचारायला हवे.

असा बनियन बहुधा व्हिस्कोसचा असतो. कल्याणजवळ शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये व्हिस्कोसचेच सूत निघते. या पद्धतीत लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात आणि काही काळ हवेत मुरू देतात. सेल्युलोजचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. त्या तशाच ठेवल्या तर द्रावण फार घट्ट होते, म्हणून मुरवताना त्या मुद्दाम तुटू देतात. मग कार्बन डायसल्फाइड मिसळले की नारिंगी पदार्थ तयार होतो. तो पातळ सोड्यात विरघळतो आणि गंधकाम्लाच्या कुंडात त्याचा धागा बनतो. त्याच क्षणी कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळे होते, सोबत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही निघतो. कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षे श्वासात गेले तर मज्जातंतू आणि हृदय बिघडते. म्हणजे पर्यावरणाचा भार लाकडापेक्षा या वायूंचा जास्त. ते पकडून पुन्हा वापरणारा व्हिस्कोसचा कारखाना आणि हवेत सोडणारा कारखाना यांत फार फरक आहे, पण लेबल दोघांचे सारखेच!

लायोसेलमध्ये साखळ्या मुद्दाम तोडत नाहीत. अमाइन ऑक्साइड नावाच्या द्रावकात लगदा सुमारे १०० अंशांवर थेट विरघळतो. धागा आधी हवेत ताणला जातो, मग पाण्यात पडतो. त्यामुळे लांब साखळ्या एका दिशेने शिस्तीत बसतात, आमच्या परेडच्या रांगेसारख्या. द्रावक पाण्यात उतरतो आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळतो. मात्र ते पाणी आटवायला ऊर्जा लागते. ती कोळशाची असेल तर हिरव्या पानाचा रंग उडालाच म्हणायचा.

वसतिगृहात कपडे रोज धुवावे लागतात, म्हणून मला ओल्या धाग्याची ताकद महत्त्वाची वाटते. ओले झाल्यावर साध्या व्हिस्कोसची ताकद जवळजवळ निम्मी होते, कारण आखूड, विस्कळीत साखळ्यांमध्ये पाणी सहज शिरते. लायोसेलची मात्र थोडीच घटते. त्याचा दोष वेगळा आहे: ओला असताना घासला की त्याला बारीक तंतू सुटतात आणि कापड केसाळ दिसू लागते.

लेबलवर पानाऐवजी व्हिस्कोस की लायोसेल हे मोठ्या अक्षरांत, आणि वायू वा द्रावक किती परत मिळवला हे छापणे सक्तीचे करावे. तोवर जुन्या बनियनचा एक धागा उसवा, मधोमध थेंबभर पाणी लावा आणि दोन्ही टोके ओढा. नेमका ओल्या जागीच तुटला, तर बहुधा तो व्हिस्कोस. सुती धागा सहसा तिथे तुटत नाही, कारण कापूस ओला झाला की उलट बळकट होतो.